मोठं रेकॉर्डिंग अपलोड करायच्या आधी सेटिंग कसं ठरवायचं? व्हीमॅफचे आकडे पटत नाहीयेत

सुमेधा११

मंडळी, एका कार्यशाळेचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, ३ तास २० मिनिटांचं, १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, ओबीएसने ४० एमबीपीएसला घेतलेलं. फाइल जवळजवळ ६० जीबी झालीय. अपलोडचा स्पीड मला १० एमबीपीएस मिळतो म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी तेरा तासांच्या वर जातात, आणि एवढा वेळ नेट सलग टिकत नाही. म्हणून आधी एन्कोड करून लहान करायचंय, पण डोळ्यांनी बघून मला सीआरएफ १७ आणि २३ मधला फरक नीट सांगता येत नाही, म्हटलं मोजूनच ठरवावं.

४० सेकंदांचे दोन तुकडे काढले, लॉसलेस ठेवून एमकेव्हीमध्ये. एकात नुसती स्लाइड आहे, दुसऱ्यात वक्त्या मंचावर चालत बोलतायत आणि मागे गडद पडदा आहे. दोन्ही तुकडे एक्स२६४ ने प्रीसेट स्लो, सीआरएफ १७, २० आणि २३ ला एन्कोड करून एमपी४ केले आणि मूळ तुकड्याशी व्हीमॅफ काढला. स्लाइडवाल्याला ९७.२, ९७.१, ९६.८ आले. मंचवाल्याला ८१, ८०, ७९!! बरं सीआरएफ १० करून बघितलं, फाइल केवढीतरी फुगली, तरी स्कोर ८१ च. आणि स्क्रीनवर बघायला गेलं तर दोन्ही अगदी सारखं दिसतं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

खटपट्या

एवढं मोजत बसायची गरज नाही हो. सीआरएफ १८ आणि प्रीसेट व्हेरीस्लो, डोळे झाकून. सीआरएफ म्हणजेच क्वालिटी, तो आकडा तोच ठेवला की क्वालिटी तीच राहते, प्रीसेट फक्त फाइल किती लहान होणार ते ठरवतो. मी वर्षानुवर्षं सगळं असंच करतो, आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

निवांत_मी

माझाही असाच प्रॉब्लेम आहे, फोनवर काढलेला दीड तासाचा व्हिडिओ लहान केला की शेवटाकडे आवाज आणि ओठ जुळत नाहीत. सीआरएफ किती ठेवला की हे जाईल?

बारीकनजर

सुमेधाताई, सीआरएफ १० ला पण स्कोर हलत नाही ना, मग हा क्वालिटीचा प्रश्नच नाहीये. खरंच एन्कोडमुळे नुकसान होत असतं तर बिटरेट एवढा वाढवल्यावर आकडा ९७-९८ कडे सरकलाच असता. तुमच्याकडे बहुतेक भलत्याच फ्रेम एकमेकींशी ताडल्या जातायत. स्लाइड हलतच नाही, त्यामुळे तिथे आधीची फ्रेम घेतली काय नि पुढची घेतली काय, काहीच फरक पडत नाही. माणूस चालत असला की लगेच पकडलं जातं.

एक काम करा, लॉग सीएसव्हीमध्ये काढा आणि मंचवाल्या तुकड्यातल्या सलग दहा-बारा फ्रेमचे स्कोर इथे टाका. कमांड पण टाका.

@निवांत_मी, तुमचं दुखणं वेगळं आहे, सीआरएफने काही होणार नाही. फोन बहुतेक वेळा फ्रेमरेट कमीजास्त करत रेकॉर्ड करतो, त्यावर खाली येतो.

सुमेधा११

हे घ्या. कमांड साधीच आहे:

```
ffmpeg -i t17.mp4 -i ref2.mkv -lavfi libvmaf=log_fmt=csv:log_path=t17.csv -f null -
```

आणि मधल्या फ्रेमचे स्कोर, पॉइंटनंतरचे आकडे सोडून: ९७, ९६, ४९, ९७, ९७, ५१, ९६, ९७, ४८, ९७, ९६, ५०. दर तिसरी फ्रेम पडतेय! आता हे काय नवीन?

बारीकनजर

छान, सापडलं. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

होतंय काय, तर एमकेव्ही फ्रेमची वेळ साधारणपणे अख्ख्या मिलिसेकंदात ठेवतं. ३० फ्रेमच्या हिशोबाने वेळा येतात ०, ३३.३३, ६६.६७, १००. एमकेव्हीत त्या होतात ०, ३३, ६७, १००. एमपी४ मध्ये मात्र ६६.६७ ची फ्रेम तिथेच राहते. आता फिल्टर एमपी४ ची ६६.६७ वाली फ्रेम उचलतो आणि त्या क्षणापर्यंत मूळ फाइलमध्ये कुठली फ्रेम आलीय ते बघतो, ६७ वाली अजून आलेलीच नसते, मग तो ३३ वालीच धरतो. म्हणजे दर तिसऱ्या वेळी एक फ्रेम मागची मूळ प्रत ताडली जाते. ३३ ला आणि १०० ला हा घोळ होत नाही म्हणून त्या दोन बरोबर येतात.

दोन्ही इनपुटच्या आधी फ्रेमरेट दिला की फाइलमधल्या वेळा बाजूला पडतात आणि फ्रेम एकास एक लागतात:

```
ffmpeg -r 30 -i t17.mp4 -r 30 -i ref2.mkv -lavfi libvmaf=n_threads=8:log_fmt=csv:log_path=t17.csv -f null -
```

एन्कोड केलेली फाइल पहिली आणि मूळ दुसरी, हा क्रम तुमचा बरोबर आहे, तो उलटा झाला तरी काही एरर येत नाही म्हणून सांगून ठेवतो. अट एकच, दोन्ही फाइलमधल्या फ्रेमची संख्या तंतोतंत सारखी हवी. एक जरी फ्रेम मध्येच गळली असेल तर तिथून पुढचं सगळं एका घराने सरकतं, आणि ते ओळखायची खूण म्हणजे ठरावीक फ्रेमपर्यंत स्कोर चांगला आणि मग शेवटपर्यंत जिथे जिथे हालचाल आहे तिथे पडलेला.

निवांत, हे तुमच्याही कामाचं आहे. फोनच्या फाइलमधून मूळ तुकडा काढतानाच `-vf fps=30` लावून फ्रेमरेट एकसारखा करून घ्या आणि तोच तुकडा पुढे संदर्भ म्हणून वापरा. थेट फोनच्या फाइलशी तुलना केली तर एन्कोड करताना कुठे फ्रेम वाढवली कुठे टाकली याचा पत्ता लागत नाही.

निवांत_मी

मला स्कोर नकोय, आवाज जुळायला हवाय 🙂 पण फ्रेमरेट एकसारखा करून बघतो. एडिटरमध्ये फाइल टाकायच्या आधी करायचं ना?

बारीकनजर

हो, आधीच. आणि आवाजाला हात लावू नका, तो जसाच्या तसा कॉपी होऊ द्या. तरी सरकला तर वेगळा धागा काढा.

सुमेधा११

अहो जमलं! मंचवाला तुकडा: सीआरएफ १७ ला ९६.९, २० ला ९५.६, २३ ला ९३.८. हे आता पटण्यासारखं आहे.

पण स्लाइडचं कोडं सुटलं नाही. सीआरएफ १० ला पण ९७.४ च्या वर जातच नाही. स्लाइडमध्ये अजून काहीतरी बिघडतंय का?

बारीकनजर

काही बिघडत नाहीये. ref1.mkv ला ref1.mkv शीच मोजून बघा, तेव्हाही ९७.४ च्या आसपासच येईल. व्हीमॅफच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये हालचाल हा पण एक घटक आहे, चित्र अजिबात हलत नसलं की हुबेहूब फ्रेमलासुद्धा पूर्ण १०० मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या स्लाइडचं छत ९७.४ आहे, आणि सीआरएफ २३ चे ९६.८ हे छताला जवळजवळ टेकलेलेच आहेत. नवीन तुकडा घेतला की आधी तो स्वतःशीच मोजायचा ही सवय लावून घ्या, त्यात छतही कळतं आणि फ्रेम जुळतायत का तेही कळतं.

आता खरा मुद्दा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये स्लाइड किती वेळ आहे?

सुमेधा११

दोन-तृतीयांश तरी असेल, कदाचित जास्तच.

बारीकनजर

मग अख्ख्या फाइलची सरासरी काढू नका, काढली तर त्यावरून काही ठरवू नका. कुठलंही सेटिंग घेतलं तरी ९६ च्या आसपास काहीतरी येणार, कारण स्थिर स्लाइड सरासरीला वर ओढून धरतात आणि बघणाऱ्याला जिथे खरंच खुपतं ते क्षण त्या सरासरीत बुडून जातात. मी सरासरीच्या जोडीला सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेम बघतो. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडा, स्कोरच्या कॉलमवर चढत्या क्रमाने लावा, ४० सेकंदांत १२०० फ्रेम आहेत तर वरून बारावी फ्रेम बघा. एवढंच.

आणि अवघड तुकडे अंदाजाने निवडू नका. तुमचं मूळ रेकॉर्डिंग ठरावीक बिटरेटचं असेल तर त्यात सगळीकडे सारखाच बिटरेट दिसणार, त्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा पूर्ण फाइल एकदा व्हेरीफास्ट प्रीसेट आणि सीआरएफ २३ ला चालवून टाका, क्वालिटीसाठी नव्हे, कुठल्या मिनिटाला एन्कोडरने जास्त बिट्स खर्च केलेत ते बघायला. तिथे तुमची अवघड जागा. माझा अनुभव असा की आपल्याला वाटतं चालणारा माणूस अवघड असेल आणि प्रत्यक्षात निघतं भलतंच, म्हणजे दिवे मंद होतानाचे दोन सेकंद किंवा स्लाइड विरघळत बदलते तो भाग.

साइज काढायला मात्र हे अवघड तुकडे चालणार नाहीत, त्यावरून गुणाकार केला तर फाइल उगाच प्रचंड मोठी दिसेल. त्यासाठी दर ५ मिनिटांनी १० सेकंद उचला. तुमच्या १२,००० सेकंदांतून ४० तुकडे, एकूण ४०० सेकंद, मग जे वजन येईल त्याला ३० ने गुणा. प्रत्येक तुकडा नव्या कीफ्रेमने सुरू होत असल्यामुळे स्लाइडच्या ठिकाणी अंदाज थोडा जास्त येतो, पण जास्त आलेला परवडतो.

खटपट्या

हे सगळं ठीक आहे पण व्हेरीस्लो लावला तर तेवढ्याच क्वालिटीत साइज कमी मिळणार हे तर खरं ना? मग आधी प्रीसेट ठरवा आणि पुढचं सगळं त्यावर.

बारीकनजर

अर्धं खरं आहे. हळू प्रीसेट दर बिटमागे जास्त काम काढतो, हे बरोबर. पण 'सीआरएफ तोच म्हणजे क्वालिटी तीच' हे फक्त एकाच एन्कोडरच्या एकाच प्रीसेटमध्ये साधारण धरून चालतं. प्रीसेट बदलला की त्याच सीआरएफला साइजही बदलते आणि स्कोरही बदलतो. व्हेरीफास्टची फाइल कधीकधी मीडियमपेक्षा लहान निघते, आणि ती लहान निघते कारण ती तेवढी चांगली नसते. एक्स२६५ किंवा एव्ही१ मध्ये तर सीआरएफची पट्टीच वेगळी आहे, तिथला २३ आणि इथला २३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून दोन प्रीसेट ताडायचे तर प्रत्येकाला तीन-चार सीआरएफवर चालवायचं आणि साइज आडव्या अक्षावर, स्कोर उभ्या अक्षावर मांडायचा. मग त्याच साइजला कोणाचा स्कोर वर आहे ते सरळ दिसतं. सुमेधाताई, तुमच्या मशीनवर स्लो ते व्हेरीस्लो हा फरक वेळेच्या मानाने किती मिळतो ते एका तुकड्यावर बघून घ्या, ३ तासांच्या फाइलला तो वेळ काढायचा की नाही हे त्यावर ठरेल.

धूसर_पडदा

मला एक कळत नाही, तुम्ही अपलोड करणार म्हणजे साइट ते परत एन्कोड करणारच आहे. तुमचे ९६.९ आणि ९५.६ तिथे जाऊन सारखेच होणार. मग ही मोजामोजी कशाला? जेवढं मोठं जमेल तेवढं चढवा, तेरा तास तर तेरा तास. मूळ फाइलवर एक वाढीव एन्कोड म्हणजे नुकसानच.

बारीकनजर

नुकसान आहे हे मान्य. ते किती आहे हे मोजता येतं, एवढंच माझं म्हणणं. साइट काय करेल त्याची घरच्या घरी नक्कल करायची. लॉसलेस तुकडा, सीआरएफ १७ वाला, २० वाला आणि २३ वाला, हे चारही एकाच कमी बिटरेटच्या सेटिंगने पुन्हा एन्कोड करा, समजा २५०० केबीपीएस. आणि मग ही दुसरी पिढी मोजा ती पहिल्या एन्कोडशी नाही, लॉसलेस मूळ तुकड्याशीच. बघणाऱ्यापर्यंत शेवटी जे पोचतं त्याच्या जवळचा आकडा हा आहे.

```
ffmpeg -r 30 -i t20.mp4 -an -c:v libx264 -preset medium -b:v 2500k -maxrate 3500k -bufsize 5000k g2_20.mp4
```

साइटचं खरं सेटिंग आपल्याला मिळत नाही त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा खरा मानायचा नाही. चार फाइलींमधलं अंतर किती उरतं ते बघायचं.

सुमेधा११

केलं सगळं. व्हेरीफास्टच्या फेरीत खरंच भलतीच जागा वर आली, मंचावरचे दिवे मंद होत होत स्लाइड उजळते तो भाग, मी तर तो धरलाच नव्हता. तो तिसरा तुकडा घेतला.

त्या तुकड्यावर सगळ्यात वाईट १ टक्क्याचा स्कोर: सीआरएफ २३ ला ७९, २० ला ८७, १७ ला ९२. सरासरीत मात्र २३ आणि १७ मध्ये तीनच गुणांचा फरक होता, म्हणजे सरासरी बघून मी २३ च घेतला असता.

पूर्ण फाइलचा अंदाज ४०० सेकंदांवरून: २३ ला ४.२ जीबी, २० ला ६, १७ ला ९. माझ्या स्पीडला म्हणजे साधारण ५६ मिनिटं, ८० मिनिटं आणि २ तास.

आणि दुसऱ्या पिढीची सरासरी त्याच तुकड्यावर: लॉसलेसवरून केलेली ८८.४, १७ वरून ८८.१, २० वरून ८७.७, २३ वरून ८६.३. व्हेरीस्लो पण एका तुकड्यावर करून बघितला, त्याच साइजला स्कोर जेमतेम हलला आणि वेळ दुपटीच्या वर गेला, त्यामुळे स्लोच ठेवतेय.

बारीकनजर

हेच हवं होतं. लॉसलेस आणि १७ मध्ये ०.३ चं अंतर, ते कोणाला दिसणार नाही. १७ ते २० पण ०.४ च. २० वरून २३ ला गेलात की मात्र एकदम १.४ पडतं, म्हणजे पहिल्या एन्कोडचे डाग दुसऱ्या एन्कोडरला खरा तपशील वाटायला लागलेत आणि तो त्यावर बिट्स घालवतोय. माझ्या मते १८ ते २० मध्ये कुठेही थांबा.

धूसर, साइट वरून बिटरेट कमी देत असेल तर सगळं सारखं होतं हे तुमचं बरोबर आहे, पण २३ ला नाही झालं बघा सारखं.

धूसर_पडदा

आकडे बघितले. २५०० ऐवजी साइटने जास्त बिटरेट दिला तर १७ आणि मूळ यातलं अंतर वाढेल ना मग? आणि साइट पुढे कधीतरी नव्या कोडेकने परत एन्कोड करेल तेव्हा? तिच्याकडे जे चढवलंय तेच असणार. मी तरी मूळच चढवेन.

आणि गडद पडद्याचं काय? अशा ठिकाणी मला कायम पट्टे दिसतात, गुळगुळीत काळोखाऐवजी पायऱ्या पायऱ्या. स्कोर ९५ असतो तरी पट्टे असतातच.

बारीकनजर

बिटरेट जास्त दिला तर अंतर वाढेल, हो. ४००० आणि ६००० वर पण करून बघायला हवं, ते मी नाकारत नाही. पुढच्या एन्कोडचं आज मोजता येत नाही, ज्याला थांबायला वेळ आहे त्याने मूळ चढवावं. निदान मूळ फाइल स्वतःच्या डिस्कवर तरी ठेवाच.

पट्ट्यांबद्दल तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. व्हीमॅफला पट्टे जवळपास दिसतच नाहीत, त्यासाठी नेटफ्लिक्सनेच कँबी नावाचं वेगळं माप काढलं आणि ते लिबव्हीमॅफमध्येच आहे. त्यात आकडा जितका वाढेल तितके पट्टे जास्त, म्हणजे वाचायचं उलटं. मूळ तुकड्याचाही कँबी काढा, कारण मूळ रेकॉर्डिंगमध्येच पट्टे असतील तर एन्कोडला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरं न दिसणारं म्हणजे रंग. नेहमीचं मॉडेल फक्त उजेडाची पातळी बघतं. गडद स्लाइडवर लाल बारीक अक्षरं पसरली तरी स्कोर शांत राहतो. सुमेधाताई, तुमच्या स्लाइडमध्ये रंगीत कोड वगैरे आहे का?

सुमेधा११

आहे ना, काळ्यावर लाल आणि निळी अक्षरं, तीही बारीक.

बारीकनजर

मग तिथे डोळेच वापरा. तीच फ्रेम दोन्ही फाइलींमधून काढा आणि २०० टक्के मोठी करून आलटून पालटून बघा. मूळमध्येच अक्षरांच्या कडा रंगाने फुटलेल्या असतील तर तो रेकॉर्डिंगच्या वेळचा ४:२:० चा परिणाम आहे, आता कुठलाही सीआरएफ तो परत आणणार नाही.

खटपट्या

मी इकडे एका तुकड्यावर `-tune psnr` लावून बघितलं, त्याच साइजला पीएसएनआर छान वर गेला. मग हे सगळ्यांनी का लावू नये?

बारीकनजर

कारण ते मापाला खूश करायलाच केलेलं आहे. एक्स२६४ डोळ्याला बरं वाटावं म्हणून पोत आणि दाणे थोडे राखून ठेवतो, त्यात मूळशी गणिती फरक वाढतो आणि पीएसएनआर खाली येतो. ते ट्यून लावलं की हे राखणं बंद, आकडा वर, आणि कापड किंवा केस मेणासारखे दिसायला लागतात. वक्त्यांच्या साडीवर बघा, तिथे लगेच जाणवेल. दोन एन्कोडरची तुलना पीएसएनआरवरच करायची असेल तर ते लावणं योग्य, अपलोडच्या फाइलला नाही.

सुमेधा११

फ्रेम काढून बघितल्या. लाल अक्षरांच्या कडा मूळमध्येच फुटलेल्या आहेत, १८ मध्ये आणि मूळमध्ये मला काही फरक दिसला नाही, २३ मध्ये निळी अक्षरं थोडी मळकट झालीत, आणि त्या तुकड्याचा स्कोर ९६.८ होता! कँबी अजून काढायचाय, पडद्यावर पट्टे मला १८ मध्ये पण किंचित दिसतात, मूळमध्येही आहेत असं वाटतंय पण खात्री नाही.

स्लो, सीआरएफ १८ वर पूर्ण फाइल लावून दिलीय. ४०० सेकंदांच्या हिशोबाने ८ जीबीच्या आत यायला हवी. धूसर, तुमच्यासाठी ६००० केबीपीएसची दुसरी पिढी पण करून इथे आकडे टाकते, मलाही बघायचंय अंतर किती उघडतं ते.

धूसर_पडदा

टाका नक्की. ६००० ला करताना सगळ्यात वाईट १ टक्का पण द्या, नुसती सरासरी नको.